‘स्टार्ट’ दाबलं, पण गाडी चार्ज होईना : दोष नेमका कुठे आहे ते कसं ओळखावं

पुणे-बेंगळुरू महामार्गावर शिरोली ते कागल या पट्ट्यात चार्जरसमोर उभे राहून मोबाइलवर पुन्हा पुन्हा ‘स्टार्ट’ दाबणारे लोक हमखास दिसतात. दहातल्या नऊ वेळा मोबाइलचा काही दोष नसतो. बटण दाबल्यावर हुकूम मोबाइलवरून चार्जिंग कंपनीच्या सर्व्हरवर जातो. सर्व्हर तो चार्जरला कळवतो आणि चार्जर मग केबलमधून गाडीशी बोलतो. साखळी कुठे तुटली हे कळलं की निम्मं काम झालं, आणि ते कळतं चार्जरच्या पडद्यावरून. म्हणून अडचण आली की आधी मोबाइल खिशात ठेवा आणि चार्जरकडे बघा.

हा लेख इलेक्ट्रिक चारचाकीच्या फास्ट चार्जिंगबद्दल आहे, म्हणजे सीसीएस-2 प्रकारची गन, अर्थात केबलच्या टोकाचा प्लग, लागणाऱ्या डीसी चार्जरबद्दल.

आधी गन, मग ॲप

गाडी ‘पी’ मध्ये टाका, हँडब्रेक लावा आणि गाडी पूर्ण बंद करा. एसी चालू ठेवून आत बसायचं असेल तर चार्जिंग सुरू झाल्यावर बसा. बऱ्याच गाड्या ‘रेडी’, म्हणजे चालायला तयार अवस्थेत चार्जिंग स्वीकारतच नाहीत.

मग गन लावा. फास्ट चार्जरची केबल जड असते. तिच्या वजनाने गन खाली झुकते आणि नीट बसल्यासारखी वाटते, पण बसलेली नसते. त्यामागे एक कारण आहे. गनमध्ये वीज नेणाऱ्या पिना लांब असतात आणि गाडीशी बोलणारी बारीक पिन आखूड, त्यामुळे ती सगळ्यात शेवटी टेकते. गन थोडी जरी बाहेर राहिली तरी चार्जरला गाडी लागल्याचं कळत नाही. एका हाताने खालून आधार देऊन सरळ आत ढकला. सीसीएस-2 गनला स्वतःचा खटका नसतो, लॉक गाडीच्या सॉकेटमध्ये असतं. त्यामुळे ‘टक’ आवाज गाडीकडून येतो, आणि काही गाड्यांत तो चार्जिंग सुरू होताना येतो. तोवर आधार सोडू नका.

गन नीट बसली की चार्जरच्या पडद्यावर त्या गनची अवस्था `Available` वरून `Preparing` होते. काही चार्जर ‘कनेक्टेड’ दाखवतात. हा बदल दिसला की मगच ॲप उघडा.

एका चार्जरला बहुधा दोन गन असतात आणि प्रत्येकीचा क्यूआर कोड वेगळा असू शकतो. तुम्ही लावलेल्या गनचाच कोड स्कॅन करा. कोड उन्हाने फिका पडला असेल तर चार्जरवर लिहिलेला आयडी टाकून गन क्रमांक निवडा. कनेक्शन न होण्याचं सगळ्यात साधं कारण हेच असतं: गाडी गन 1 ला आणि हुकूम गन 2 ला.

वॉलेटमध्ये पैसे किती हवेत? समजा 30 युनिटची बॅटरी 20 टक्क्यांवरून 80 वर न्यायची आहे. म्हणजे बॅटरीत 18 युनिट जाणार. दर 20 रुपये असेल तर 360 रुपये, त्यावर 18 टक्के जीएसटी धरून सुमारे 425. थोडी वीज वाया जाते, म्हणून 475-500 रुपये ठेवावेत. शिल्लक संपली की चार्जिंग मध्येच थांबतं, आणि लोक चार्जरला नावं ठेवतात.

आता ‘स्टार्ट’ एकदाच दाबा. चार्जर आणि गाडी एकमेकांना ओळखतात, मग चार्जर केबलचं इन्सुलेशन तपासतो, व्होल्टेज जुळवतो आणि नंतर वीज सोडतो. याला अर्धं ते एक मिनिट लागतं. एवढ्या वेळात पुन्हा बटण दाबलं किंवा गन हलवली, तर सुरू होत आलेलं कामही बिघडतं.

सुरू नाही झालं तर

चार्जरचा पडदा जराही बदलला नाही, तर हुकूम तिथवर पोचलेलाच नाही. चार्जरमध्ये स्वतःचं सिमकार्ड असतं. त्याची रेंज गेली की तुमच्या मोबाइलला फाइव्ह-जी असून उपयोग नाही. ॲपमध्ये तो चार्जर ‘ऑफलाइन’ दिसतो का ते बघा. दिसत असेल तर वाट बघण्यात अर्थ कमीच. तिथल्या माणसाकडे चार्जर सुरू करायचं कार्ड असेल तर विचारा, नाहीतर पुढचा चार्जर गाठा. वीज नुकतीच जाऊन आली असेल, तर मात्र चार्जर चालू होऊन नेटवर्कला जोडला जाईपर्यंत काही मिनिटं थांबा.

पडद्यावर `Faulted` असेल तर लाल इमर्जन्सी बटण कुणी दाबून ठेवलंय का ते बघा. असेल तर ते का दाबलं हे तिथल्या माणसाला विचारल्याशिवाय सोडवू नका.

पडदा बदलला, चार्जर तयारीला लागला आणि मिनिटभराने त्रुटी आली, तर तुटलंय ते गाडी आणि चार्जरमधलं बोलणं. इथे नुसतं पुन्हा ‘स्टार्ट’ दाबून बहुधा काही होत नाही. अपयश आलं की गाडी आणि चार्जर दोघेही त्याच अवस्थेत अडकून राहतात.

एक उदाहरण घेऊ. जुलैची संध्याकाळ, भुरभुर पाऊस, गाडीत 22 टक्के आणि पुढे आंबा घाटातून रत्नागिरीला जायचंय. गन 1 लावली, `Preparing` आलं, स्टार्ट दाबलं, चाळीस सेकंदांनी त्रुटी. अशा वेळी ॲपमधून सेशन बंद करा आणि गाडी अनलॉक करून गन पूर्ण बाहेर काढा. गाडी लॉक करून एक मिनिट तशीच राहू द्या. गाडीत चार्जिंगची वेळ ठरवून ठेवलेली असेल तर ती सेटिंग बंद करा. घरी रात्री चार्ज करणारे हे विसरतात, आणि काही गाड्या इमानदारीने रात्री अकराची वाट बघत बसतात. मग गन आधार देऊन पुन्हा लावा. याही वेळी जमलं नाही तर गन 2 वापरा. ती चालली तर दोष पहिल्या गनमध्ये होता.

त्रुटीत ‘इन्सुलेशन’ किंवा ‘आयसोलेशन’ हा शब्द असेल तर पावसाकडे संशय जातो. गनचं तोंड खाली करून पाणी निथळू द्या. आत बोट, फडकं काही घालू नका. तीच त्रुटी दुसऱ्या जागच्या चार्जरवरही आली, तर गाडी सर्व्हिस सेंटरला दाखवा. हा दोष पुन्हा पुन्हा प्रयत्न करून घालवायचा नसतो.

चार्जिंग सुरू झालं पण वेग निम्माच मिळतोय, तर बाजूच्या गनला दुसरी गाडी लागली आहे का बघा. 60 किलोवॅटचे अनेक चार्जर दोन गाड्यांत वीज वाटून देतात. हा बिघाड नव्हे.

गन निघेना किंवा पैसे अडकले

ॲपमधून ‘स्टॉप’ दाबा, `Finishing` येऊ द्या, गाडीची किल्ली दाबून अनलॉक करा आणि मग गन ओढा. तरी निघाली नाही तर जोर लावू नका, लॉकची पिन वाकते. अनेक गाड्यांत डिकीत किंवा बॉनेटखाली हाताने लॉक सोडवायची दोरी असते, तिची जागा मॅन्युअलमध्ये दिलेली असते.

फसलेल्या प्रयत्नात पैसे कापलेले दिसले तर निघण्याआधी चार्जरच्या पडद्याचा फोटो काढा. त्यात चार्जर आयडी, वेळ आणि युनिटचा आकडा यायला हवा. ॲपमधला व्यवहार क्रमांकही टिपून ठेवा. चार्जरवर 0 युनिट आणि ॲपमध्ये पैसे वजा, हा पुरावा असला की तक्रारीत वाद राहत नाही. पुष्कळदा मात्र ती रक्कम फक्त रोखून धरलेली असते आणि सेशन नीट बंद झालं की वॉलेटमध्ये परत येते. म्हणून आधी ॲपमध्ये जुनं सेशन ‘चालू’ दिसत नाही ना, हे बघा.