विमा नूतनीकरणापूर्वीची तयारी: जुना क्लेम, गॅस किट आणि भाड्याची फेरी

खाजगी गाडीच्या विम्याचे नूतनीकरण करताना, विशेषतः कंपनी बदलताना, पहिला कागद काढावा तो मावळत्या पॉलिसीचा. त्या वर्षात क्लेम घेतला होता का, याचे उत्तर एजंटाच्या आठवणीवर सोडू नये. सलग एक, दोन आणि तीन वर्षे क्लेम नसेल, तर नो क्लेम बोनस म्हणून स्वतःच्या गाडीच्या नुकसानीच्या हप्त्यावर अनुक्रमे २०, २५ आणि ३५ टक्के सूट मिळते. एक क्लेम घेतला, मग तो बंपरचा का असेना, की पुढच्या नूतनीकरणात ही सूट सर्वसाधारणपणे शून्यावर येते. बोनस सुरक्षित ठेवणारे जोडसंरक्षण घेतले असेल, तर गोष्ट वेगळी.

समजा, पारोळ्याच्या एका गृहस्थांच्या सात आसनी, पांढऱ्या नंबरप्लेटच्या गाडीने तिसऱ्या वर्षी बंपरसाठी अठरा हजारांचा क्लेम घेतला. चौथ्या वर्षी नवीन कंपनीचा अर्ज एजंटाने मोबाईलवर भरला, ‘मागील क्लेम नाही’ असे नोंदवले आणि १२,००० रुपयांच्या हप्त्यावर ३५ टक्के, म्हणजे ४,२०० रुपये वाचवले. अर्ज कोणीही भरला असला, तरी निवेदन मालकाच्या नावाचे ठरते. नवीन कंपनी जुन्या कंपनीकडे विचारणा करू शकते आणि प्रत्यक्षात ही विचारणा बहुधा मोठा क्लेम आल्यावरच होते. म्हणून जुन्या कंपनीकडून बोनसचे पत्र घ्यावे, नवीन अर्जाची प्रत मागून स्वतः वाचावी आणि चूक दिसल्यास अपघात होण्याआधीच लेखी कळवून, फरकाची रक्कम भरून पॉलिसीत दुरुस्ती करून घ्यावी.

दुसरी तपासणी गाडीची. याच गृहस्थांनी नंतर गॅस किट बसवले असेल, तर आरसीवर इंधनाची नोंद ‘पेट्रोल’ एवढीच आहे की सीएनजीही आहे, हे पाहावे. जळगावची एमएच १९, धुळ्याची एमएच १८ किंवा नंदुरबारची एमएच ३९ अशी ज्या परिवहन कार्यालयाची गाडी असेल, तेथे ही नोंद आधी करावी लागते. त्यानंतर किटचे बिल आणि सुधारित आरसी देऊन पॉलिसीत किटचा समावेश करावा. त्यासाठी थोडा जादा हप्ता पडतो. नोंद नसताना गाडीला आग लागली, तर सर्व्हेअरचे लक्ष प्रथम सिलिंडर आणि वायरिंगकडेच जाते. अलॉय चाके, जादा दिवे, वाढवलेले आसन यांचेही असेच. सीट कव्हर बदलले म्हणून मात्र कोणी घाबरू नये.

खरा घोळ वापराचा आहे, आणि आपल्याकडे लग्नसराईत व यात्रेच्या दिवसांत तो फार सहज होतो. वऱ्हाडासाठी गाडी दिली, सारंगखेड्याच्या यात्रेला चार ओळखीचे बसवले आणि माणशी पैसे घेतले, की मालकाच्या दृष्टीने तो डिझेलचा खर्च असतो. पण खाजगी पॉलिसीतील वापराची मर्यादा भाडे किंवा मोबदला घेऊन केलेली वाहतूक वगळते, तसेच मालाची वाहतूकही, म्हणजे केळीचे क्रेट बाजारात पोहोचवणे. समजा, दोंडाईच्याजवळ अपघात होऊन १,८०,००० रुपयांचे नुकसान झाले. क्लेम अर्जात ‘घरची मंडळी’ लिहिले, पण पोलिसांपुढे एका प्रवाशाने ‘पाचशे रुपये दिले होते’ असा जबाब दिला, तर सगळे तेथेच थांबते. आता नकाराला दोन आधार मिळतात: खोटे निवेदन आणि वापराच्या अटीचा भंग. नियमित भाडे करायचे असेल, तर वाहनाची व्यावसायिक नोंदणी, परवाना आणि प्रवासी वाहतुकीची पॉलिसी आधी घ्यावी. केवळ जादा हप्ता भरून खाजगी पॉलिसी त्या कामाची होत नाही.

भाड्याने वापरलेल्या खाजगी गाडीच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०१० मध्ये पूर्ण नकार मान्य न करता काही रक्कम देण्यास सांगितले होते. पण तो न्यायालयापर्यंतचा लांबचा रस्ता आहे. घरगुती हिशेबात त्याला हक्काची रक्कम धरू नये. त्रयस्थाच्या इजेबाबत कंपनीला पैसे द्यावे लागले, तरी ती मालकाकडून ते वसूल करण्याची मागणी करू शकते, हेही ध्यानात असावे.

क्लेम नाकारला गेल्यास कोणत्या अटीवर नाकारला, ते लेखी मागावे आणि प्रथम कंपनीच्या तक्रार विभागाकडे अर्ज करावा. तीस दिवसांत उत्तर आले नाही, किंवा आलेले उत्तर पटले नाही, तर खान्देशातील वैयक्तिक ग्राहकाने पुण्याच्या विमा लोकपालाकडे जावे. कंपनीच्या अंतिम नकारापासून एका वर्षाच्या आत ही तक्रार करावी लागते. तिच्यासोबत मूळ अर्जाची प्रत, पॉलिसी, आरसी, सर्व्हेअरचा अहवाल आणि नकाराचे पत्र जोडावे. अर्जाची प्रत नसेल, तर ती कंपनीकडे लेखी मागितल्याची पोच तरी ठेवावी.