मुख्याध्यापकांना प्रवेशाच्या ऑटोपोस्टिंगचा मेल टाकायच्या आधी

शाळेच्या फेसबुक पेजवर प्रवेशाच्या पोस्ट स्क्रिप्टने आपोआप टाकून देतो, असं मुख्याध्यापकांना मेलने सुचवायचं असेल, तर लिहायला बसण्याआधी ते पेज उघडून मागच्या मार्च ते जूनच्या पोस्ट वाचून काढा. कुठे शेवटची तारीख चुकलीय, कुठे पालकाने फी विचारली आणि कोणी उत्तरच दिलं नाही, अशा दोन गोष्टी तारखेसकट टिपा, मेलची सुरुवात त्यातूनच करायची. बीडकडची शाळा असेल तर ऊसतोडीला गेलेली कुटुंबं गावी कधी परततात ते तिथल्या सरांना आधी विचारा, कारण सगळ्या पोस्ट मार्चमध्येच संपवल्या तर हे पालक हुकतात.

मग एक चालू नमुना तयार ठेवा, नुसतं वर्णन नको. गूगल शीटमध्ये एका ओळीत एक पोस्ट, म्हणजे तारीख, मजकूर, फोटो आणि शेवटी मंजुरीचा रकाना. त्यात "मंजूर" लिहिलं असेल तरच पोस्ट जाणार, रकाना रिकामा असेल तर काहीच जाणार नाही, हे मेलमध्ये स्पष्ट लिहा, सरांची खरी भीती तीच असते. मंजुरी कोण देणार तेही विचारा. सरांना वेळ नसतो, बहुतेक वेळा एखाद्या मॅडम किंवा क्लार्क देतात, पण नाव एकच ठरवा आणि आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंतची वेळ द्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. गेल्या वर्षी एका शाळेच्या पोस्ट मी महिनाभर आधीच शेड्यूल करून ठेवल्या होत्या, अर्जाची मुदत ३० एप्रिलवरून १० मे झाली, मी दोन पोस्ट बदलल्या आणि तिसरी राहिली, २९ तारखेला सकाळी "उद्या शेवटचा दिवस" अशी ती गेली आणि ऑफिसचा फोन दिवसभर वाजत राहिला. त्यामुळे आता शेवटची तारीख शीटच्या वेगळ्या टॅबमधल्या `B1` या एकाच खान्यात ठेवतो, सगळे मजकूर ती तिथूनच घेतात, आणि स्क्रिप्ट त्या त्या दिवशी सकाळी शीट वाचूनच पोस्ट टाकते, आधी काही भरून ठेवत नाही. त्याच टॅबच्या `B2` मध्ये "थांबवा" लिहिलं की सगळं बंद, शाळेत काही दुःखद घडलं तर हे लागतंच. पोस्ट गेली नाही तर तुम्हाला आणि मंजुरी देणाऱ्यांना लगेच मेल यावा अशी सोय करा, कारण फेसबुकचं टोकन, म्हणजे स्क्रिप्टला पोस्ट टाकायची मिळालेली परवानगी, संपलं की पोस्ट गुपचूप बंद पडतात आणि आठवडाभर कुणाच्या लक्षात येत नाही.

पासवर्ड मागू नका, पेजवर फक्त कामापुरता ॲक्सेस मागा. मुलांचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय वापरणार नाही हे लिहा. फीच्या चौकशीला आणि तक्रारींना माणूसच उत्तर देणार, तेही लिहा.

मेल एका स्क्रीनमध्ये मावेल एवढाच ठेवा, "आदरणीय मुख्याध्यापक सर" पासून सुरुवात, दोन आठवड्यांची चाचणी आणि तिचा दर. शेवटी एकच प्रश्न विचारा, संस्थेची परवानगी लागत असेल तर अर्ज कोणाच्या नावे करू?