सुनीताच्या शेवटच्या दोन ओळी: या चुका टाळा

गोव्यातल्या कवीबैठकांत सुनीत, म्हणजे चौदा ओळींची कविता, वाचलं जातं तेव्हा मला पहिल्या बारा ओळींची काळजी नसते, त्या बहुतेक जमतात. वाट लागते ती तेराव्या ओळीत.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे कलाटणीच्या जागी सारांश लिहिणं. फोंड्याच्या एका बैठकीत एका मुलानं फार चांगलं सुनीत आणलेलं. दिवाडी बेटावर राहणारी म्हातारी आई, मुलगा परदेशात. ती तुळशीपुढे दिवा लावते आणि थोड्या वेळानं परत लावते, रोज एक ताट जास्त वाढते, धक्क्यावर जाऊन फेरीबोटीतून उतरणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा न्याहाळते. आणि शेवट काय, तर आईच्या मायेला तोड नाही! अरे, हे तर आम्हाला चौथ्या ओळीतच कळलेलं.

मी त्याला म्हटलं, नवं काही शोधू नको, तुझ्याच ओळी परत वाच. दिवा दोनदा का लावते? चेहरे इतके निरखून का बघते? आपण ते वाट बघणं समजत होतो, पण ते विसरणंही असू शकतं ना. मग शेवट असा ठरला की मुलगा आलाय, त्याच जास्तीच्या ताटावर जेवायला बसलाय, आणि आई विचारते, ‘आलात कोठून हो?’ तिथेच थांबायचं. ‘आलास’ नाही, ‘आलात’. एका अक्षरानं दिवा, ताट, धक्का सगळ्यांचा अर्थ बदलतो आणि वरची एक ओळही बदलावी लागत नाही.

त्याचं वृत्त शार्दूलविक्रीडित होतं, म्हणजे ओळीत १९ अक्षरं आणि बाराव्यावर यती. यतीनंतरच्या सात अक्षरांत हा प्रश्न बरोब्बर बसतो. मी कलाटणीचे शब्द नेहमी तिथेच ठेवते, कारण यतीला वाचणारा क्षणभर थांबलेला असतो. दोन ओळींत मिळून अक्षरं ३८च, त्यात समजावत बसायला जागाच नाही.

दुसरी चूक उलटी, शेवटी बाहेरून काहीतरी आणून टाकणं. आधी कुठेच खूण नसताना चौदाव्या ओळीत आई वारली, तर वाचणारा दचकतो पण मागे वळून वाचत नाही. माझी सवय सांगते, शेवट आधी ठरवते आणि मग वरच्या बारांत निदान दोन तपशील असे पेरते जे दोन्ही अर्थांनी खरे असतील. घाई असलेल्यांना हे नको असतं, त्यांना एका बसणीत चौदा ओळी संपवायच्या असतात, आणि ते ऐकताना लगेच कळतं.

नुसता ‘पण’ किंवा ‘तरीही’ लिहून ओळ वळत नाही.

आधी आठ ओळी आणि मग सहा अशी रचना असेल तर वळण नवव्या ओळीशी घ्या, तेराव्यापर्यंत ताणू नका.

तपासायचं असेल तर शेवटच्या दोन ओळी हातानं झाकून कुणाला तरी वाचायला द्या, कविता कशावर आहे विचारा, मग हात काढून परत विचारा. दोन्ही वेळा उत्तर एकच आलं तर त्या दोन ओळी खोडा आणि परत लिहायला बसा.