निरोपाचा व्हिडिओ श्रद्धांजलीसारखा का वाटतो? या चुका टाळा

गेल्या वर्षी आमच्या ऑफिसातले आवक-जावकचे काका निवृत्त झाले, त्यांचा व्हिडिओ माझ्या गळ्यात पडला. मी ग्रुपवर टाकलं, 'काकांसाठी दोन शब्द बोलून क्लिप पाठवा.' सतरा क्लिप आल्या. अकरा जणांनी 'मनमिळाऊ' म्हटलं होतं आणि जवळजवळ सगळ्यांनी 'होते'. 'काका फार मनमिळाऊ होते.' खाली बासरी लावली असती तर हार घातलेला फोटोच तेवढा बाकी होता.

चूक माझीच होती. 'दोन शब्द' मागितले की माणूस भाषण देतो. मग सहा जणांना वेगवेगळे प्रश्न पाठवले: काकांनी तुम्हाला कशावरून झापलं? त्यांच्या टेबलावरची कोणती वस्तू आठवते? सोमवारपासून कुठे अडणार? नव्या मुलीनं सांगितलं, 'पहिल्याच दिवशी मी पत्राला नंबर न घालता ते साहेबांकडे नेलं. काका म्हणाले, बाळ, नंबर नाही म्हणजे पत्र आलंच नाही.' बारा सेकंदांत काका उभे राहिले. भूतकाळ इथेही आहे, पण प्रसंगाचा भूतकाळ खटकत नाही. माणसाच्या स्वभावाला 'होते' लावलं की खटकतं. म्हणून पाठवतानाच सांगा, स्वभावाबद्दल 'आहेत' म्हणा.

आलेल्या 'मनमिळाऊ'चं काय करायचं? मी टाकून दिले नाहीत. अकराही जणांचा तेवढाच शब्द कापून एकापाठोपाठ एक जोडला. आठव्याला सभागृह हसायला लागलं. त्यानंतर पडद्यावर एक ओळ: 'बरं, आता खरं सांगा.' आणि तिथून प्रसंग सुरू.

जोडणीआधी प्रत्येक क्लिपमधलं बोलणं कागदावर उतरवा. हा कंटाळा केलात तर एकच किस्सा तीनदा येतो आणि ते कळतं थेट कार्यक्रमात. पंधरा सेकंदांत साधारण तीस-पस्तीस शब्द बसतात. 'नमस्कार, मी अमुक, तमुक विभाग' यातच पाच सेकंद जातात, ते कापून नाव खाली पट्टीत द्या. एकूण पाच मिनिटांच्या पुढे गेलात तर मागच्या रांगा चहाकडे वळतात.

क्रम हुद्द्याप्रमाणे लावू नका. साहेबांची क्लिप मध्ये घातली तर ते रागावतील ही भीती मलाही होती, पण साहेबांनी काही म्हटलं नाही. शेवटी आमच्या शिपाईमामांना ठेवलं. ते एवढंच म्हणाले, 'उद्यापासून बिनसाखरेचा एक कप कमी करायचा.' त्यावर निवेदन, आभार, शुभेच्छा काहीही चिकटवू नका.

आणि हो, क्लिप व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून मागवा, फोन आडवा धरून, पंखा बंद करून. आमच्या निम्म्या क्लिपांत माणसांपेक्षा पंखाच जास्त बोलत होता.