वाय-फायच्या पाच कांड्या, तरी पेपर अडकला

बेळगावात हॉस्टेलवर आम्ही तीसेक पोरं एकाच वाय-फायवर. ऑनलाइन पेपरला वीस मिनिटं असताना कॅमेरा तपासणीच पुढे सरकेना. कांड्या मात्र पाच! लॅपटॉपवर दोन कमांड दिल्या:

```
ping 192.168.1.1
ping 8.8.8.8
```

पहिला पत्ता आमच्या राउटरचा. उत्तर ३ मिलिसेकंदांत. दुसरा बाहेरचा, तिथे ९०० च्या वर. म्हणजे सिग्नल ठणठणीत, राउटरच्या पुढची लाइन तुंबलेली. राउटरजवळ जाऊन बसण्यात अर्थ नव्हता (मागच्या पेपरला मी तेच करून वेळ घालवला होता). कुणीतरी काहीतरी मोठं अपलोड करतंय, असा संशय आला. अपलोड तुंबलं की साधं पान उघडायलाही वेळ लागतो.

खोल्या फिरलो. खानापूरचा दोस्त गणपती मिरवणुकीचे व्हिडिओ ड्राइव्हवर चढवत होता.

"अरे, थांबव की जरा, पेपर आहे माझा!"

"सांगायचं की मग आधी!" म्हणत त्यानं थांबवलं. पिंग ४० वर आला.

तरी भरवसा नको म्हणून फोन केबलनं जोडून यूएसबी टेदरिंग लावलं, तेही लॉगिनच्या आधी. मध्येच नेट बदललं तर काही पोर्टल बाहेर काढतात. दोन मिनिटं राखून आत शिरलो.