मानेतली गाठ: या चुका टाळा

सोलापुरात मानेला गाठ आली की पहिला उपाय घरातच होतो. हळद-चुन्याचा लेप लावतात, शेकतात, कुणी बिब्ब्याचा चटकाही सुचवतं. पुष्कळदा गाठ दोन आठवड्यांत बसते आणि श्रेय लेपाला जातं. खरं तर ती बसणारच होती.

घसा आला, दाढ किडली किंवा डोक्यात उवांमुळे फोड आले, की तिथले जंतू जवळच्या रसग्रंथीत वाहत येतात. त्यांना ओळखणाऱ्या पांढऱ्या पेशी तिथे भराभर वाढतात, रक्तातूनही आणखी येतात. ग्रंथी फुगते, तिचं आवरण ताणतं, म्हणून ती दुखते. पायाला जखम झाली की जांघेत अवधान येतं ते याच कारणाने. म्हणून नुसत्या गाठीकडे बघत बसू नका, तिच्या आसपास शोधा. टॉन्सिलची गाठ जबड्याच्या कोनाखाली येते, दातांची जबड्याच्या हाडाखाली, डोक्याच्या कातडीची मानेच्या मागे. अशी गाठ मऊसर असते, बोटाखाली सरकते आणि दोन-तीन आठवड्यांत उतरू लागते. लहान मुलांत वाटाण्याएवढी गाठ पुढे महिनोन्‌महिने हाताला लागू शकते. ती वाढत नसेल आणि मूल हसतं-खेळतं असेल तर दिवसातून दहादा चाचपू नका.

अँटिबायोटिक बदलत राहणं

सर्वांत महागात पडणारी चूक हीच. समजा, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणाऱ्याची विशीतली मुलगी आहे. मानेच्या उजव्या बाजूला गाठ आहे, पण दुखत नाही. घसा, दात सगळं ठीक. पाच दिवसांचा कोर्स झाला, मग दुसरा, मग ‘जरा स्ट्राँग’ म्हणून लिव्होफ्लॉक्सासिन. पाच आठवडे गेले. गाठ दोन सेंटिमीटरची तीन झाली, शेजारची दुसरी तिला चिकटली आणि संध्याकाळी कणकण येऊ लागली.

न दुखणाऱ्या, एकमेकींना चिकटलेल्या गाठी म्हटलं की आपल्याकडे आधी टीबीचा विचार करावा लागतो. छाती स्वच्छ असूनही ग्रंथींचा टीबी होतो. लिव्होफ्लॉक्सासिन टीबीच्या जंतूंना अर्धवट दाबतं: थोडं बरं वाटतं, तपासणीत जंतू सापडणं अवघड होतं, शिवाय औषधाला दाद न देणारे जंतू तयार होण्याची भीती. संसर्गाची स्पष्ट खूण असेल तर एक कोर्स ठीक आहे. दोन-तीन आठवड्यांत गाठ उतरली नाही, तर दुसरं औषध नको, सुईची तपासणी हवी.

ही तपासणी, म्हणजे एफएनएसी, बारीक सुईने काही मिनिटांत होते. ‘सुई लावली की गाठ पसरते’ ही भीती सोडा. चूक होते ती पुढे. सगळा नमुना काचपट्टीवर पसरला जातो किंवा फॉर्मॅलिनमध्ये टाकला जातो, आणि फॉर्मॅलिनमध्ये जंतू मरतात, मग ते वाढवून पाहण्याची तपासणी, म्हणजे कल्चर, होत नाही. म्हणून सुई लावण्याआधीच विचारा: थोडा नमुना निर्जंतुक डबीत, सलाइनमध्ये, सीबीनॅट आणि कल्चरसाठी ठेवणार ना? सीबीनॅट टीबीचा जंतू शोधतं आणि रिफाम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध त्याच्यावर चालेल का तेही सांगतं. मात्र ग्रंथीत जंतू थोडे असतात, त्यामुळे निगेटिव्ह आलं म्हणजे टीबी नाहीच, असं नाही.

आपल्या उदाहरणात जंतू सापडला आणि रिफाम्पिसिनला दाद देणारा निघाला. दोन महिने चार औषधं, पुढे चार महिने तीन. ही औषधं सरकारी टीबी कार्यक्रमात मोफत मिळतात. उपचार चालू असताना गाठ मोठी होऊ शकते, नवीही येते. पुष्कळ जण इथेच गोळ्या सोडतात. सोडू नका, डॉक्टरांना दाखवा.

गाठ पिलपिलीत झाली, पण गरम नाही आणि फारशी दुखत नाही, तर ती गळू समजून चिरून घेऊ नका. टीबीच्या अशा गाठीला चिरा दिला की तिथे महिनोन्‌महिने वाहणारी जखम राहू शकते. पू काढायचाच असेल तर बाजूच्या चांगल्या कातडीतून सुईने काढतात.

वय आणि जागा न बघणं

चाळिशीपुढचा माणूस, मावा-गुटख्याची किंवा मिश्रीची सवय आणि मानेत कडक, न दुखणारी गाठ. इथे मूळ तोंडात किंवा घशात असू शकतं. कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून जिभेखाली, गालाच्या आत आणि दुर्बिणीने घशात पाहून घ्या. गाठ काढून टाकण्याची घाई आधी नको, सुई आधी. गळ्याच्या हाडाच्या वर, खांद्याजवळच्या खळग्यात आलेली गाठ छोटी असली तरी थांबू नये, कारण छातीतल्या आणि पोटातल्या कर्करोगाची खूण तिथेही उमटते.

रबरासारख्या गाठी, रात्री कपडे भिजवणारा घाम आणि उतरत चाललेलं वजन असेल तर लिम्फोमाची, म्हणजे रसग्रंथींच्याच कर्करोगाची, शंका येते. त्याचं निदान करायला बहुधा सुई पुरत नाही, अख्खी ग्रंथी काढून तपासावी लागते. त्याआधी ‘सूज उतरायला’ म्हणून स्टेरॉइडच्या गोळ्या घेऊ नका. गाठ काही दिवस लहान होते आणि मग काढलेल्या ग्रंथीतही निदान नीट होत नाही.