वाचत खेळायचे गेम: या चुका टाळा

दहाच मिनिटांत भाच्याने लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. "मामा, हा गेम नाहीये, पीडीएफ आहे!"

काळ्या पडद्यावर पांढरी अक्षरं आणि खाली लुकलुकणारा कर्सर, एवढंच दिसत होतं. गेम होता इन्फोकॉमचा 'झॉर्क', १९८० सालचा. चित्र एकही नाही. गेम प्रसंगाचं वर्णन करतो, आपण इंग्रजीत आज्ञा टाइप करायची आणि पुढे काय झालं ते वाचायचं. त्याने काय काय टाइप केलंय ते मी वर जाऊन पाहिलं. OPEN DOOR, BREAK DOOR, KICK DOOR. पठ्ठ्या दाराशीच झगडत होता. खरं तर पहिल्याच वाक्यात सांगितलंय की घराच्या पुढच्या दाराला फळ्या ठोकलेल्या आहेत. हे वाक्य त्याच्या नजरेखालून गेलं होतं, पण त्याने वाचलं नव्हतं.

चूक पहिली: वर्णनाला सजावट समजणं

कादंबरीत लेखक खिडकीचं वर्णन करतो ते वातावरणासाठी, असं आपण धरून चालतो. झॉर्कसारख्या टेक्स्ट अॅडव्हेंचरमध्ये खिडकीचा उल्लेख आला, की ती बहुधा उघडायचीच असते. झॉर्कच्या सुरुवातीला तुम्ही घराच्या पश्चिमेला उभे असता. आधी N आणि मग E टाइप करून वळसा घातला की घरामागे पोचता. तिथल्या वर्णनात एक छोटी खिडकी किंचित उघडी असल्याचं येतं. दाराला फळ्या आणि खिडकी किलकिली, म्हणजे वाट कुठून आहे ते गेमने सांगून टाकलं. पुढचा प्रवास असा:

```
OPEN WINDOW
ENTER
WEST
TAKE LAMP
MOVE RUG
OPEN TRAP DOOR
TURN ON LAMP
DOWN
```

स्वयंपाकघरातून पश्चिमेला दिवाणखाना लागतो. तिथे कंदील आहे, तलवार आहे आणि मधोमध एक मोठा गालिचा आहे. गालिच्याखाली काही असेल असं गेम उघडपणे म्हणत नाही. एवढा मोठा गालिचा मुद्दाम कशाला सांगितला, हा प्रश्न तुम्हाला पडायला हवा. तो पडला की तुम्ही खेळायला लागलात. आणि हो, तलवारही उचला. खाली गेलात की लवकरच लागेल.

इथे एक खाचखळगा आहे. एखाद्या खोलीत दुसऱ्यांदा गेलात की झॉर्क पूर्ण वर्णन देत नाही, फक्त खोलीचं नाव आणि तिथल्या वस्तू सांगतो. नवख्याला वाटतं, आता इथे काही उरलं नाही. सुरुवातीलाच VERBOSE टाइप करा, म्हणजे दर वेळी सगळं वर्णन येईल. नाहीतर अडकलात की LOOK वापरा.

चूक दुसरी: "कळलं नाही" म्हणून चिडणं

गेमच्या तक्रारी एकसारख्या वाटतात, पण तशा नसतात. I don't know the word असं आलं, तर तुमचा शब्द गेमच्या कोशातच नाही. दुसरा शब्द शोधा, वाक्य छोटं करा, एक क्रियापद आणि एक वस्तू एवढंच ठेवा. पण You can't see any lamp here! असं आलं तर त्याचा अर्थ वेगळा: शब्द गेमला ठाऊक आहे, फक्त ती वस्तू इथे नाही. म्हणजे कुठेतरी कंदील आहे, हे गेमनेच कबूल केलं! भाच्याला हे सांगितल्यावर तो पंधरा मिनिटं गेममधल्या घराबाहेर उभा राहून दिसेल त्या नामाची चाचपणी करत होता. ही चीटिंग आहे का, यावर आमचा अजून वाद चालू आहे.

कंदिलाबद्दल मात्र सावध करतो. त्याची बॅटरी संपते, आणि उजेडाशिवाय तळघरात भटकलात तर ग्रू नावाचा प्राणी तुम्हाला खातो. प्रकाश मंद होत चालल्याची सूचना मजकुरातूनच मिळते. उजेडाच्या जागी आलात की TURN OFF LAMP करा आणि SAVE नेहमी दोन-तीन वेगळ्या नावांनी ठेवा. एकाच नावावर पुन्हापुन्हा सेव्ह करणाऱ्याला कधीतरी कळतं की आपण संपत आलेल्या बॅटरीसकट सेव्ह केलंय.

चूक तिसरी: पर्याय कधी येतो याची वाट बघत क्लिक करत सुटणं

ही व्हिज्युअल नॉव्हेलवाल्यांची, म्हणजे चित्रांसोबत गोष्ट वाचत मधूनमधून पर्याय निवडायचे गेम खेळणाऱ्यांची चूक. चित्र आहे, पात्रं आहेत, संगीत आहे, मग मजकूर क्लिक करून उडवायचा आणि पर्याय आला की जागं व्हायचं. कॅपकॉमचा 'एस अटॉर्नी' (पहिला भाग जपानमध्ये २००१ साली आला) हा आळशीपणा चालवून घेत नाही. तुम्ही बचाव पक्षाचे वकील. साक्षीदाराची जबानी एकेक वाक्य करून समोर येते. प्रत्येक वाक्यावर दोन गोष्टी करता येतात: Press म्हणजे खोदून विचारणं आणि Present म्हणजे विसंगती दाखवणारा पुरावा पुढे करणं.

पहिला खटला शिकवणीचाच आहे, म्हणून त्याचं रहस्य फोडतो. साक्षीदार म्हणतो, मला मृतदेह दुपारी एक वाजता दिसला. तुमच्या पुराव्यांच्या यादीत शवविच्छेदनाचा अहवाल आहे, त्यात मृत्यूची वेळ संध्याकाळी चार ते पाच दिली आहे. त्या वाक्यावर थांबून अहवाल दाखवला की साक्षीदार गडबडतो आणि म्हणतो, मी टीव्हीवर वेळ ऐकली. आता वीज गेल्याची नोंद काढा: त्या वेळी इमारतीत वीजच नव्हती, मग टीव्ही कसला? बटणं दोनच, कौशल्य सगळं वाचण्यात.

नवखे इथे हटकून एक चूक करतात: दिसेल त्या वाक्यावर दिसेल तो पुरावा मारतात. चुकीच्या पुराव्याला दंड आहे, पाच चुका झाल्या की खटला हरला. खोदून विचारायला मात्र सहसा दंड पडत नाही. म्हणून आधी सगळी वाक्यं Press करा, मग पुराव्यांची यादी पुन्हा उघडून त्यांचे तपशील वाचा, आणि शेवटी वाक्य निवडा. पुराव्याचं नाव वाचून थांबू नका, अहवालातली वेळ तर आत लिहिलेली असते.

मजकूर चुकून निसटला, तर काय करायचं? रेनपाय या मोफत इंजिनवर बनलेल्या बहुतेक व्हिज्युअल नॉव्हेलमध्ये माउसचं चाक वर फिरवलं की मागचे संवाद परत येतात, आणि Ctrl दाबून धरलं की मजकूर पळतो. मूळ सेटिंगमध्ये तो आधी वाचलेलाच मजकूर पळवतो, नवीन आला की थांबतो. हीच सोय दुसऱ्या फेरीत वेगळा शेवट शोधायला उपयोगी पडते. न वाचलेला मजकूरही पळवणारी सेटिंगमधली Unseen Text ची खूण मात्र पहिल्या फेरीत लावू नका. आणि मजकूर आपोआप पुढे सरकवणाऱ्या Auto मोडचा वेग आपल्या इंग्रजी वाचनापेक्षा जास्त असेल तर तो बंद ठेवा, क्लिकच बरी.

चूक चौथी: पर्याय नाहीत म्हणून "यात खेळ कुठे आहे?"

'हिगुराशी' या जपानी व्हिज्युअल नॉव्हेलचा पहिला भाग २००२ साली आला. त्यात पर्याय जवळपास नाहीतच, तुम्ही फक्त वाचत जाता. गावातली मुलं खेळतात, हसतात, आणि पहिले काही तास इतके निवांत जातात की लोक सोडून देतात. पुढे गोष्ट भयानक होते आणि भाग संपतो, तोही काहीच न उलगडता. इथे बरेच वाचक वैतागतात. पण रचनाच तशी आहे: आधीचे चार भाग प्रश्नांचे, पुढचे चार उत्तरांचे. मधल्या काळात खुनी कोण आणि गावावरचा शाप खरा की माणसाचं कारस्थान, हे तुम्ही ठरवायचं असतं. कुणी विचारणार नाही, गुण देणार नाही.

त्यामुळे पहिला भाग संपला की लगेच पुढचा उघडू नका. एका कागदावर तीन गोष्टी लिहा: संशय कुणावर, कोणत्या प्रसंगामुळे, आणि निवेदक मुलाच्या कोणत्या वाक्यावर तुमचा विश्वास बसत नाही. भाच्याच्या कागदावर दुसऱ्या भागानंतर पहिलं नाव खोडलेलं आहे आणि शेजारी लिहिलंय, "मग फोन कुणी केला?"